लोगो हलवायचं काम पहिलं आणि जॉबवर्क शेवटचं: राइस स्कोअर असा का येतो?

प्रश्न: सोलापुरात आमची पाच जणांची टीम आहे. टॉवेल-चादरीच्या कारखानदारांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवतो, १८० कारखाने ग्राहक आहेत. बॅकलॉगमध्ये साठेक कामं साचलीत. कुठलं काम आधी घ्यायचं ते ठरवणाऱ्या राइस पद्धतीनं स्कोअर काढले तर बिलावरचा लोगो हलवायची सोय ९००, वसुलीची व्हॉट्सॲप आठवण २८८, तेलुगू स्क्रीन ४० आणि जॉबवर्क चलन, म्हणजे रंगाई-शिलाईला बाहेर दिलेल्या मालाची नोंद, २२.५ आलं. जॉबवर्क तर सगळेच मागतात. मालक म्हणतात, हे गणित बाजूला ठेवा, मी सांगतो ते करा. आमचं काय चुकतंय?

उत्तर:

राइसचं सूत्र म्हणजे किती ग्राहकांपर्यंत पोहोच, प्रत्येकावर परिणाम आणि अंदाजाची खात्री यांचा गुणाकार, भागिले मेहनत. ते बरोबर आहे, आत घातलेले चारही आकडे मात्र तपासायला हवेत. तुमच्या स्कोअरवरून आतले आकडे साधारण असे असणार: लोगोला पोहोच १८०, परिणाम ०.५, खात्री १०० टक्के आणि मेहनत ०.१ महिना. जॉबवर्कला पोहोच ६०, परिणाम ३, खात्री ५० टक्के, मेहनत ४ महिने. गुणून-भागून बघा, ९०० आणि २२.५ च येतात. लोगोचं काम जॉबवर्कपेक्षा चाळीस पट मोलाचं आहे असं तुमच्या टीममधला एकही माणूस म्हणणार नाही. म्हणून त्या चाळीस पटीचा उगम शोधू.

सगळ्यात आधी भाजकाकडे बघा. ही पद्धत इंटरकॉम कंपनीच्या प्रॉडक्ट टीमनं मांडली तेव्हा मेहनत माणूस-महिन्यात मोजायची होती, म्हणजे एक माणूस महिनाभर करेल तेवढं काम, आणि महिन्याहून बरंच छोटं असेल त्याला सरसकट ०.५ धरायचं होतं. ही खालची मर्यादा अनेक जण विसरतात. ०.१ नं भागणं म्हणजे दहानं गुणणं. परिणामाचा आकडा ०.२५ पासून ३ पर्यंतच जाऊ शकतो, म्हणजे फार तर बारा पट फरक. मेहनत मात्र तुमच्याकडे ०.१ पासून ४ पर्यंत गेली, म्हणजे चाळीस पट. अशा कोष्टकात परिणामाला काही किंमतच उरत नाही, छोटं काम आपोआप वर जातं.

पाच माणसांच्या टीमला महिना हे माप मोठं पडतं. माणूस-आठवडा घ्या, आणि कुठलंही काम एका आठवड्यापेक्षा कमी धरू नका. तुमचं लोगोचं काम तरी खरंच दोन दिवसांचं आहे का? कोड दोन दिवसांचा असेल. मग ते बिल ए-फोर कागदावर, ए-फाइव्हवर, आणि ज्यांच्याकडे अजून छापील पॅडवर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालतो त्यांच्याकडे काढून बघायचं. टेस्टरचा दीड दिवस गेला. नंतर ‘बिलाची खालची ओळ कापली जातेय’ असे फोन घेण्यात सपोर्टच्या माणसाचा दीड दिवस. झाले पाच दिवस. मेहनत म्हणजे त्या कामाला हात लागणाऱ्या प्रत्येकाचा वेळ. आमच्याकडे सुरुवातीला फक्त डेव्हलपरचेच दिवस धरले जायचे, आणि तिमाही संपताना निम्मी कामं अर्धवट राहायची.

खरोखर अर्ध्या दिवसाची कामं असतात, ती या कोष्टकात आणूच नका. त्यांची वेगळी यादी करा आणि दर पंधरवड्याला एक दिवस त्यांना द्या. शिक्क्याची जागा, रिपोर्टमधला एखादा रकाना, तारखेचं रूप अशी कामं तिकडे जातात. साठ कामांपैकी पंचवीसेक तरी तिथेच निघून जातील.

आता पोहोच. मला सर्वांत जास्त चुका इथेच दिसतात, आणि सोलापुरात त्या कशा होतात हे मी स्वतः करून शिकलोय. काही वर्षांपूर्वी आम्ही गणवेश शिवणाऱ्या युनिटांसाठी सॉफ्टवेअर करत होतो. कुणीतरी म्हणालं, पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, स्क्रीन तेलुगूत दिली तर सगळे वापरतील. पटलं. पोहोचीच्या रकान्यात शंभराच्या वरचा आकडा घातला आणि दोन महिने त्यावर घालवले. मग कळलं की तेलुगू बोलणारी बहुतेक मंडळी मशिनवर आणि कटिंगच्या टेबलावर असतात, त्यांचा आमच्या स्क्रीनशी संबंधच येत नाही. कॉम्प्युटरसमोर बसतात ते दिवाणजी किंवा मालकांचा मुलगा. त्यांची घरची भाषा तेलुगू असली तरी हिशेब ते मराठी-इंग्रजीतच करतात, कारण जीएसटीचं पोर्टल आणि सीए दोन्हीकडे तेच चालतं. भाषा बदलून वापरणारी युनिटं एक आकडी निघाली. आम्ही कारखान्यातली माणसं मोजली, आणि मोजायची होती स्क्रीनसमोरची.

म्हणून पोहोच लिहिताना पूर्ण वाक्य लिहायचं: ‘येत्या तीन महिन्यांत किती कारखान्यांत, कोण, कुठल्या वेळी या गोष्टीला हात लावेल?’ वाक्य पूर्ण झालं नाही तर आकडा लिहायचा नाही. आणि एकक एकच ठेवायचं. तुमची फी कारखाना भरतो, म्हणून कारखाने मोजा. एका ओळीत कारखाने, दुसरीत वापरणारी माणसं, तिसरीत बिलांची संख्या असं झालं की तुलना संपली. १८० हा आकडाही कोष्टकात येता कामा नये. त्यातले किती जण गेल्या तिमाहीत खरंच बिल काढत होते ते आधी काढा. फी भरून सॉफ्टवेअर बंद ठेवणारे कारखाने प्रत्येक यादीत असतात. पुढच्या उदाहरणासाठी मी १४० चालू कारखाने धरतो. खालचे आकडे माझ्या अनुभवावरून धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

जॉबवर्कची अडचण अशी की ती सोय अजून सॉफ्टवेअरमध्ये नाही, मग तिचा वापर कसा मोजणार? अशा वेळी त्या कामाची सावली शोधायची. कारखानदार सूत रंगायला बाहेर देतो, तेव्हा रंगाईवाल्याचं बिल त्याच्याकडे येतं आणि ते तुमच्या खरेदीच्या नोंदीत चढतं. म्हणजे गेल्या तिमाहीत रंगाईवाल्याचं एक तरी बिल चढवलेले कारखाने मोजले की पोहोच मिळाली. टेबलांची नावं तुमच्याकडे वेगळी असतील, प्रश्न साधारण असा:

```sql
SELECT COUNT(DISTINCT factory_id)
FROM purchase_bills
WHERE party_type = 'dyeing'
  AND bill_date >= '2025-04-01'
  AND bill_date <  '2025-07-01';
```

समजा ९६ आले. तुमच्या साठपेक्षा हा आकडा बराच मोठा आहे. ‘सगळेच मागतात’ हे तुम्हाला माहीत होतं, पण कोष्टक भरताना फोनवर मागणारे तेवढेच आठवले. जे मागत नाहीत आणि मुकाट्यानं वहीत लिहितात, तेही पोहोचीत येतात.

लोगोला हाच नियम लावा. बिल सगळेच छापतात, म्हणून तुम्ही १८० घातले. पण लोगो हलवायची सोय सेटिंगच्या पानावर असणार, आणि ती तेच वापरतील ज्यांना लोगो हलवायचा आहे. गेल्या तिमाहीत ते पान उघडणारे २२ कारखाने असतील तर पोहोच २२. तेलुगू स्क्रीनसाठी सपोर्टच्या माणसाला विचारा, कॉम्प्युटरवर बसणाऱ्यापैकी कुणी कुणी स्वतः मागितली. ९ म्हणाला तर ९. वसुलीच्या आठवणीसाठी ४५ दिवसांपेक्षा जुनी बाकी असलेली बिलं ज्यांच्याकडे आहेत असे कारखाने मोजा, ११८ धरू. हे सगळे आकडे वरची मर्यादा दाखवतात, सगळे ९६ कारखाने पहिल्या तिमाहीत चलन काढायला लागणार नाहीत. पण सगळ्या कामांना एकच पद्धत लावली की तुलना टिकते.

परिणामाच्या रकान्यात प्रत्येक जण मनातलं वेगळंच मोजत असतो. एकाला सोय दिसते, दुसऱ्याला विक्री, तिसऱ्याला फोन कमी होणं. त्यामुळे तिमाहीसाठी एकच गोष्ट ठरवा. तुमच्यासारख्या धंद्यात मी वार्षिक फीचं नूतनीकरण घेईन: ही सोय मिळाल्यावर त्या कारखान्यानं पुढच्या वर्षाची फी भरण्याची शक्यता किती वाढेल? मूळ पट्टी ३, २, १, ०.५, ०.२५ अशी आहे, तीच ठेवा. मधले आकडे काढून १.७ वगैरे लिहू नका, तेवढी बारीक नजर यात कुणालाच नसते. ३ फक्त अशा गोष्टीला द्यायचे की जिच्याशिवाय ग्राहक सोडून जातो हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. जॉबवर्क नसल्यामुळे कारखाने दुसरी वही ठेवतात, वैतागतात, पण अजून सोडून गेलेले नाहीत. म्हणून २. आठवणीला १, तेलुगूला ०.५, लोगोला ०.२५.

खात्रीचा रकाना सगळ्यात कमी गंभीरपणे भरला जातो. ज्याचा आवाज मोठा त्याची खात्री १०० टक्के, असं होतं. त्यावर आम्ही एक नियम केला आणि तो वर्षानुवर्षं टिकलाय. खात्री मनाला विचारायची नाही, पुरावा मोजायचा. डेटाबेसमधून मोजलेली पोहोच आणि ग्राहकासमोर केलेली चाचणी, दोन्ही हातात असतील तर १००. दोन्हींपैकी एकच असेल तर ८०. फक्त आपलं मत असेल तर ५०. आणि ५० चं काम बांधायला घ्यायचं नाही, आधी त्याची चाचणी करायची, मग स्कोअर कितीही येवो.

चाचणीला पोहोचीच्या मोजणीहून वेगळं काहीतरी दिसावं लागतं. जॉबवर्कसाठी आठ कारखान्यांत जा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले चार आणि शहरातल्या वस्तीतले चार. ‘जॉबवर्क हवंय का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. ‘गेल्या वेळी रंगाईला दिलेल्या सुताचा हिशेब दाखवा’ म्हणा. वही उघडली की खरं काम दिसतं: किती किलो गेलं, किती परत आलं, घट किती धरायची ठरली होती, तारीख कुणी लिहिली, वाद कुठे झाला. आठपैकी पाच-सहा ठिकाणी त्या वहीवरून भांडण झालेलं निघालं, तर परिणाम २ वर तुमचा हात घट्ट बसेल. वह्या नीट चालल्या असतील तर तोच आकडा १ करा, मनाला लागलं तरी.

या नव्या आकड्यांनी, मेहनत आठवड्यांत धरून, पुन्हा काढू. पत्रकात सूत्र एवढंच, B ते E रकान्यांत पोहोच, परिणाम, खात्री, मेहनत याच क्रमानं:

```
=ROUND(B2*C2*D2/E2, 1)
```

लोगो: २२ गुणिले ०.२५ गुणिले ०.८ भागिले १, म्हणजे ४.४. तेलुगू: ९ गुणिले ०.५ गुणिले ०.८ भागिले ८, म्हणजे जेमतेम ०.५. आठवण अजून कुणाला दाखवलेली नाही, म्हणून तिची खात्री ५० टक्केच: ११८ गुणिले १ गुणिले ०.५ भागिले ४, म्हणजे १४.८. खरं तर मोजणी आहे म्हणून ८० चालले असते, पण ११८ हा थकबाकी असलेल्यांचा आकडा आहे. थकबाकी असणं आणि तिची आठवण यंत्रानं पाठवावी असं वाटणं, यात अंतर आहे, आणि ते अंतर मोजणीत आलेलं नाही. जॉबवर्क: ९६ गुणिले २ गुणिले ०.८ भागिले १६, म्हणजे ९.६.

लोगो तळाकडे गेला, जॉबवर्क वर आलं. पण आठवण अजून त्याच्या पुढे आहे, आणि मोठं काम मेहनतीमुळे मागे पडतंय. इथेच अनेक टीम जॉबवर्कचा परिणाम २ वरून ३ करतात आणि हवा तो क्रम मिळवतात. तसं करू नका. सोळा आठवड्यांचं काम मागे पडतंय याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की ते एक काम नाही, चार-पाच कामं एका नावाखाली बांधलेली आहेत.

जॉबवर्कची गाठ सोडवून बघा. त्यात सूत रंगाईला जाणं-येणं आहे, ते किलोत मोजतात. कापड शिलाईला जाणं-येणं आहे, ते नगात किंवा डझनात मोजतात. शिलाईवाल्यांची मजुरी आहे. जॉबवर्कला दिलेल्या मालाचा जीएसटीला द्यायचा आयटीसी-०४ चा तक्ता आहे. स्टॉकच्या मूल्यांकनात बाहेर असलेला माल धरणं आहे. दोन मापं एकत्र आली की डिझाइन अवघड होतं, आणि सोळापैकी बरेच आठवडे तिथेच जातात. पहिला तुकडा एवढाच काढा: रंगाईला जाणाऱ्या सुताचं चलन, परत आल्याची नोंद, आणि गेलेल्या-आलेल्या वजनातला फरक दाखवणारं एक पान. शिलाई, मजुरी, तक्ते काही नाही. पाच आठवड्यांत बसेल. पोहोच तीच ९६, कारण आपण मोजलेच रंगाईवाले होते. परिणाम २ चा १ करा, अर्धंच दुखणं कमी होणार म्हणून. खात्री ८०. ९६ गुणिले १ गुणिले ०.८ भागिले ५, म्हणजे १५.४.

तुकडा करताना एक खूण सांभाळा. त्या तुकड्यानंतर कारखानदाराची एखादी वही बंद होते का? होत असेल तर तो तुकडा खरा. ‘डेटाबेसची रचना’ किंवा ‘चलनाची फक्त स्क्रीन’ असे तुकडे पाडले तर त्यांची पोहोच शून्य असते, कोष्टकात ९६ लिहिलेली असली तरी.

आता १५.४ आणि १४.८. यातलं पहिलं कुठलं? या फरकाला काहीच अर्थ नाही. परिणामाची पट्टी प्रत्येक पायरीला साधारण दुप्पट होते, म्हणजे एका पायरीच्या चुकीनं स्कोअर दुप्पट किंवा निम्मा होतो. म्हणून दुपटीच्या आतले स्कोअर मी सारखेच मानतो आणि ती कामं एका गटात ठेवतो. आधी कुठलं घ्यायचं हे गटाच्या आत तीन गोष्टींवर ठरतं: कशाला तारीख बांधलेली आहे, कुठल्या कामावर दुसरं अवलंबून आहे, आणि कशाची खात्री स्वस्तात वाढवता येते.

तिसऱ्या मुद्द्यावर आठवणीचं काम नेमकं बसतं. चार आठवडे कोड लिहिण्याआधी दहा कारखाने निवडा, त्यांची थकबाकीची यादी काढा, आणि सपोर्टच्या माणसाला मालकांशी बोलून, त्यांच्या परवानगीनं, त्यांच्याच फोनवरून दोन आठवडे हातानं संदेश पाठवू द्या. आम्ही गणवेशवाल्यांकडे हे केलं तेव्हा दहातल्या सहा मालकांनी पहिल्याच दिवशी थांबवलं. ‘त्या व्यापाऱ्याला असला मेसेज गेला तर तो पुढची ऑर्डर दुसऱ्याला देईल, त्याच्याशी मीच बोलतो,’ असं एक जण म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. उधारीचं नातं पिढ्यांचं असतं. पण तेच सहा जण थकबाकीची यादी रोज सकाळी मागायला लागले, म्हणजे कुणाला फोन करायचा ते त्यांना स्वतः ठरवता यावं. आपोआप जाणारी आठवण त्यांना नको होती. हवी होती यादी, आणि निवडलेल्या नावापुढे एक बटण.

तुमच्याकडेही तसंच निघालं तर काम चार आठवड्यांवरून दोनवर येईल, परिणाम १ वरून ०.५ वर, आणि खात्री ८० वर: ११८ गुणिले ०.५ गुणिले ०.८ भागिले २, म्हणजे २३.६. हेही १५.४ च्या दुपटीच्या आतच आहे, म्हणजे गट तोच. पण दोनच आठवड्यांचं आहे आणि त्यावर दुसरं काही अडलेलं नाही, म्हणून मी ते आधी उरकेन आणि लगेच रंगाईचं चलन घेईन. दोन्ही मिळून सात आठवडे.

सात आठवडे तुमच्याकडे आहेत का, हे मात्र आधी बघा. पाच माणसं आणि तेरा आठवडे म्हणजे पासष्ट, असं कागदावर दिसतं. सपोर्टचा माणूस पूर्ण वेळ फोनवर असतो, तेरा गेले. उरलेल्या बावन्नपैकी निम्मे चुका दुरुस्त करणं, जीएसटीतले बदल आणि सुट्ट्यांत जातात असं धरा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आणि मार्चअखेरचा फोनांचा भडिमार असणाऱ्या तिमाहीत तर नक्कीच. राहिले सव्वीस. गटातली कामं वरून मांडत सव्वीसला रेघ मारा. रेघेखालच्या कामांचे स्कोअर अचूक करण्यात वेळ घालवायचा नाही. साठही कामांना स्कोअर द्यायची गरज नसते. छोटी बाजूला काढल्यावर उरलेल्यांतली दहा-बारा ज्यांच्यावर खरा वाद आहे, तेवढीच कोष्टकात आणा.

काही कामं कोष्टकात आणायचीच नाहीत. ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागू आहे. त्या पद्धतीत काही बदललं आणि तुम्ही वेळेत केलं नाही तर त्या ग्राहकाचं बिलच निघणार नाही. तुमच्या १४० मध्ये असे वीसच कारखाने असतील, राइसमध्ये पोहोच वीस येईल आणि काम खाली जाईल. सूत्राला तारीख कळत नाही. म्हणून माझी कसोटी अशी: हे न केल्यास ग्राहकाचं रोजचं काम थांबतं का? थांबत असेल तर ते सव्वीस आठवड्यांतून आधी वजा करा आणि स्कोअर देऊ नका. आयटीसी-०४ या कसोटीत बसत नाही. तो तक्ता ५ कोटींवरच्यांना सहा महिन्यांनी आणि बाकीच्यांना वर्षातून एकदा भरायचा असतो, आज सीए तो वहीवरून करतात आणि पुढेही करू शकतील. त्याला रांगेत उभं राहू द्या. रंगाई आणि शिलाईची चलनं सॉफ्टवेअरमध्ये आल्यावर त्याची मेहनत आपोआप कमी होईल, तेव्हा पुन्हा स्कोअर काढा.

मालकांचा मुद्दा मी हलका घेत नाही. त्यांना बहुधा एखादा मोठा कारखानदार दिसत असतो, जो एकटा दहा जणांएवढी फी देतो. राइस त्याला १ मोजतं, लहानाला पण १ मोजतं. ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. त्यावर परिणामाचा आकडा फुगवणं हा चुकीचा उपाय, कारण मग पुढच्या वेळी कुठल्याच आकड्यावर कुणाचा विश्वास राहत नाही. त्यापेक्षा सव्वीसपैकी चार आठवडे मालकांच्या निर्णयाचे म्हणून उघड बाजूला ठेवा. त्यात कुठलं काम घ्यायचं ते त्यांनी ठरवावं, स्कोअर विचारू नये. चार संपल्यावर पाचवा आठवडा हवा असेल तर कोष्टकातलं कुठलं काम काढायचं हेही त्यांनीच सांगावं. आमच्या मालकांना ही रचना पहिल्या तिमाहीत जाचली, दुसऱ्या तिमाहीत त्यांनी चारातला एक आठवडा स्वतःहून परत दिला.

कोष्टक भरताना सगळ्यांनी एकत्र बसून बोलत आकडे ठरवू नका. पहिला आकडा मोठ्यानं उच्चारला गेला की बाकीचे त्याच्या आसपासच येतात. प्रत्येकानं आपापला परिणामाचा आकडा कागदावर लिहावा आणि एकदम उघडावा. दोन पायऱ्यांचा फरक असेल तिथेच चर्चा करा. बहुतेक वेळा एकाला ग्राहकाची अशी गोष्ट माहीत असते जी बाकीच्यांना नसते, आणि ती बाहेर यावी हाच त्या बैठकीचा उपयोग. मेहनतीचा आकडा फक्त काम करणाऱ्यांनी द्यायचा. पोहोचीला तर मतच नको, ती मोजायची.

चलन दिल्यावर तीन महिन्यांनी परत याच पत्रकात या आणि शेजारी दोन रकाने जोडा: खरी पोहोच आणि खरे आठवडे. पोहोच मोजताना एकदा बटण दाबलेला कारखाना धरू नका, दहापेक्षा जास्त चलनं काढलेला धरा. समजा ९६ च्या जागी ४० आले. मग उरलेल्या ५६ पैकी पाच-सहा ठिकाणी जाऊन वही उघडायला सांगा. वहीत अजून नोंदी चालू असतील आणि दिवाणजींना नवी सोय माहीतच नसेल, तर शिकवण्याचं काम राहिलंय, कोडचं नाही, आणि पुढच्या वेळी मेहनतीत सपोर्टचा आठवडा धरा. सोय माहीत आहे, वापरून पाहिली आणि तरी वहीकडे परतले, तर घट धरण्याची त्यांची रीत तुमच्या पानात बसलेली नाही. तेव्हा दुसरा तुकडा, म्हणजे शिलाई, सुरू करायच्या आधी पहिला दुरुस्त करा. आणि ९० च्या वर आले पण त्याच कारखान्यांनी नूतनीकरणाला तितकीच टाळाटाळ केली, तर चुकला तो परिणामाचा आकडा, आणि शिलाईच्या तुकड्याला १ न देता ०.५ पासून सुरुवात करा.